मोकळा चॅनेल आणि आईचा फोन

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. या वीकांताला लिहायला कारण मिळालं, कारण तीन महिने छळणारं एक कोडं अखेर सुटलं. सुटलं म्हणजे काय, तर गुन्हेगार मीच निघालो. पण ते नंतर. आधी पहिल्यापासून सांगतो.

आम्ही न्यू जर्सीत इझलिनला राहतो. आई-बाबा नाशिकला. दर रविवारी आमच्या सकाळी नऊला, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, व्हिडिओ कॉल. तिकडे चहा झालेला असतो, इकडे व्हायचा असतो. गेल्या हिवाळ्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून हा कॉल जरा जास्तच महत्त्वाचा झालाय. पण गेले तीन महिने एक विचित्र प्रकार सुरू होता. सव्वानऊ, साडेनऊच्या सुमारास चित्र गोठायचं, आई तोंड उघडं ठेवून तशीच थांबायची, आणि टॅबवर वाय-फायची खूणच नाहीशी व्हायची. साधारण मिनिटभराने सगळं आपोआप पूर्ववत. पण तोवर कॉल तुटलेला असायचा.

पहिले दोन-तीन वेळा आई हसली. मग एकदा म्हणाली, "तुला काम असलं तर सांगत जा रे, असा मध्येच फोन नको ठेवूस." मी म्हटलं, "अगं आई, मी नाही ठेवला, नेट गेलं." त्यावर ती म्हणाली, "रविवारीच बरं जातं तुझं नेट."

आणि खरं सांगायचं तर तिचा मुद्दा बिनतोड होता. सोमवार ते शुक्रवार मी घरून काम करतो. दिवसाला चार-पाच मीटिंगा, त्यातली एकही तुटत नाही. रविवारी सकाळी आईशी बोलताना मात्र हमखास. दिवसभर नेटवर्कवरून डेटा इकडून तिकडे नेणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला हे झोंबणारच ना! :)

सुरुवातीला मी तेच केलं जे सगळे करतात. नेट पुरवणाऱ्या कंपनीला शिव्या घातल्या. पण एका रविवारी वायरने जोडलेल्या डेस्कटॉपवर `ping` चालू ठेवला, आणि कॉल तुटला तेव्हा तो मात्र एकही पॅकेट न गमावता मजेत चालू होता. म्हणजे बाहेरून येणारं नेट ठीक. स्वयंपाकघरातला जुना फोन २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवर असतो, तोही ठीक. जात होतं ते फक्त ५ गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय, आणि तेही पूर्णच्या पूर्ण, मिनिटभरासाठी. सिग्नल कमी होणं वेगळं आणि रेडिओच गप्प होणं वेगळं. इथे दुसरा प्रकार होता.

मग राउटरचा लॉग बघायचा, एवढं साधं होतं. पण तो मला कधी दिसलाच नाही, कारण कॉल तुटला की मी पहिली गोष्ट करायचो ती म्हणजे राउटर बंद करून चालू. आमच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी आहे आणि त्याचा लॉग मेमरीत राहतो. रिस्टार्ट केला की पुसला. म्हणजे दर रविवारी चोर पळाल्याबरोबर मी स्वतः फडकं घेऊन बोटांचे ठसे पुसत होतो.

शेवटी बायको म्हणाली, "आज राउटरला हात लावू नकोस. काय होतं ते बघू." आणि त्या दिवशी कॉल तुटल्यावर मी खुर्चीवर हात दाबून बसलो, आणि मग टाइप केलं:

```
logread | grep DFS
```

आणि हे आलं (ओळी थोड्या छाटल्यात):

```
08:51:20 DFS-CAC-START freq=5500 chan=100 width=2 cac_time=60s
08:52:21 DFS-CAC-COMPLETED success=1 freq=5500
09:13:42 DFS-RADAR-DETECTED freq=5500 chan_width=5 cf1=5570
09:13:43 DFS-CAC-START freq=5180 chan=36 width=2 cac_time=60s
09:14:44 DFS-CAC-COMPLETED success=1 freq=5180
```

तिसरी ओळ वाचून मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो. रडार. आमच्या दिवाणखान्यात.

आता जरा मागे जावं लागेल. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वाय-फायच्या आधीपासून रडारांचा आहे. हवामानाची रडार, जहाजांवरची, सैन्याची. २००३ साली जिनिव्हाला झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेत या पट्ट्याचा मोठा भाग वाय-फायला वापरू द्यायचं ठरलं, पण एका अटीवर. घर रडारचं, तुम्ही पोटभाडेकरू. मालक आला की जागा सोडायची. या अटीचं तांत्रिक नाव डायनॅमिक फ्रीक्वेन्सी सिलेक्शन, म्हणजे डीएफएस. चॅनेल ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ या अटीखाली येतात. ३६ ते ४८ आणि अमेरिकेत १४९ च्या पुढचे चॅनेल तिच्यातून मोकळे आहेत.

अट कशी पाळायची, तेही ठरलेलं आहे. राउटरने डीएफएस चॅनेलवर एक शब्द बोलण्याआधी ६० सेकंद नुसतं ऐकायचं. लॉगमधली पहिली ओळ तीच. काही ऐकू आलं नाही तर काम सुरू, पण कान उघडे ठेवून. रडार ऐकू आलं तर १० सेकंदांच्या आत गाशा गुंडाळायचा, आणि त्या चॅनेलकडे पुढची ३० मिनिटं फिरकायचं नाही.

राउटरला रडार कसं ओळखू येतं हा मला पडलेला पहिला प्रश्न. वाय-फायच्या प्रत्येक पॅकेटची सुरुवात एका ठरावीक नमुन्याने होते, दारावरच्या ओळखीच्या टकटकीसारखी. रडारची स्पंदनं तशी नसतात. ती अगदी आखूड असतात, काही तर मायक्रोसेकंदाच्या आसपास, आणि ठरावीक अंतराने एकामागून एक येतात. राउटरच्या चिपला त्यातलं काही वाचता येत नाही, पण न वाचता येणारे आखूड ठोके सारख्या अंतराने पडतायत एवढं कळतं. ते अंतर रडारच्या माहितीतल्या नमुन्यांशी जुळलं की ती रडार समजते. अर्थात चूकही होऊ शकते. शेजाऱ्याच्या वाय-फायचे तुटके तुकडेही कधी कधी रडारसारखे भासतात. म्हणून लॉगमध्ये रडार दिसलं म्हणजे रडार आहेच असं नाही. तपासावं लागतं.

मी नकाशा उघडला. आमच्या घरापासून थोड्याच मैलांवर, वुडब्रिजमध्ये, नुअर्क विमानतळासाठी लावलेलं हवामानाचं डॉप्लर रडार आहे. अमेरिकेतल्या मोठ्या विमानतळांजवळ अशी ४५ रडार आहेत, आणि ती चालतात ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्‌झच्या दरम्यान.

इथे मी अडखळलो. माझा चॅनेल १००, म्हणजे ५५०० मेगाहर्ट्‌झ. रडार ५६०० च्या पुढे. मधे १०० मेगाहर्ट्‌झची जागा. मग धक्का लागला कसा?

उत्तर चॅनेलच्या रुंदीत होतं. चॅनेल १०० म्हणजे नुसता पत्ता, दरवाज्यावरचा नंबर. घर किती मोठं, ते रुंदी सांगते. मी राउटर आणला तेव्हा हौसेने १६० मेगाहर्ट्‌झची रुंदी चालू केली होती, कारण खोक्यावर छापलेला तो मोठ्ठा आकडा फक्त तेवढ्या रुंदीवरच मिळतो. चॅनेल १०० पासून १६० मेगाहर्ट्‌झ म्हणजे ५४९० ते ५६५०. दरवाजा रडारपासून लांब, पण घराची मागची भिंत थेट रडारच्या अंगणात. आणि नियम असा की रुंदीच्या कुठल्याही कोपऱ्यात रडार ऐकू आलं तर सगळंच घर रिकामं करायचं.

मग तो मिनिटभराचा अंधार? राउटर पळाला कुठे, ते चौथ्या ओळीत आहे. चॅनेल ३६. तो डीएफएसमधून मोकळा ना? हो, पण पुन्हा तीच रुंदी! फर्मवेअरने १६० चा हट्ट सोडला नाही, आणि ३६ पासून १६० मेगाहर्ट्‌झ म्हणजे चॅनेल ६४ पर्यंत. त्यातला वरचा अर्धा भाग डीएफएसमध्ये. म्हणजे तिथेही आधी ६० सेकंद मौन. ते मौन म्हणजेच आईचं उघडं तोंड आणि तुटलेला कॉल. रुंदी ८० असती तर राउटरने उपकरणांना "मी ३६ वर चाललोय, या मागोमाग" असं सांगितलं असतं, बहुतेक उपकरणं मुकाट्याने गेली असती, आणि चित्र क्षणभर अडखळून पुढे सरकलं असतं.

एवढ्याने रविवारचं कोडं मात्र सुटत नव्हतं. रडार काय रविवारीच चालतं?

पहिल्या ओळीची वेळ बघा. ८:५१. मी दर रविवारी कॉलच्या आधी राउटर रिस्टार्ट करायचो. "आज तरी तुटू नये" म्हणून! आणि तिथेच सगळी मेख होती. रडार दिसल्यावर राउटर ३६ वर जाऊन बसायचा आणि आपणहून परत यायचा नाही. सोमवार ते शनिवार माझ्या सगळ्या मीटिंगा तिथे सुखाने चालायच्या. रविवारी सकाळी मी रिस्टार्ट करून त्याला पुन्हा चॅनेल १०० वर, रडारच्या अंगणात, नेऊन सोडायचो. ३० मिनिटांची मनाईसुद्धा तो मेमरीत ठेवतो, म्हणजे रिस्टार्टनंतर तीही विसरायचा. कॉल तुटल्यावर मी चिडून परत रिस्टार्ट केला की त्याच कॉलमध्ये दुसऱ्यांदा तुटायची सोय. उपाय समजून जे करत होतो, तोच रोग होता. आईचा आरोप शब्दशः नाही तरी तत्त्वतः खराच होता. फोन मीच कापत होतो.

आता प्रश्न उरला की सुरुवातीच्या ६० सेकंदांत रडार का ऐकू येत नव्हतं. कारण ते सगळीकडे एकाच वेळी बघत नाही. त्याचा झोत अर्ध्या अंशाएवढा बारीक असतो. तबकडी फिरते, दर फेरीला वर-खाली कोन बदलते, आणि आपल्या घरावरून झोत क्षणभर सरकून जातो. त्यातून भिंती, झाडं, इमारती मधे. एका मिनिटात पुरेसे ठोके कानावर पडतीलच याची खात्री नाही. म्हणूनच युरोपात ५६०० ते ५६५० या पट्ट्यात ६० सेकंदांऐवजी १० मिनिटं ऐकायचा नियम आहे. तिथे कुणी वाय-फाय सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात म्हणून राउटर परत करायला निघालं असेल, तर थांबा. तो बिघडलेला नाहीये, नियम पाळतोय.

निदान पक्कं करायला दोन वीकांत घेतले. आधी चॅनेल ११६ वर ८० मेगाहर्ट्‌झ रुंदी ठेवली, म्हणजे ५५७० ते ५६५०, रडारचा पट्टा पोटात घेऊन. २६ मिनिटांत रडारची ओळ उमटली. मग चॅनेल १०० वर तीच ८० ची रुंदी, म्हणजे ५४९० ते ५५७०, रडारच्या पट्ट्याच्या पूर्ण बाहेर. दोन आठवडे झाले, एकही ओळ नाही. शेजाऱ्याच्या वाय-फायचा भास असता तर तो नेमकी ५६०० ची वेस बघून थांबला नसता.

ऑफिसातल्या एका मित्राला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "एवढं कशाला? राउटरमध्ये देशाचा कोड बदल, जिथे डीएफएसची भानगड नाही असा कुठलातरी टाक. रडारला काय कळतंय?" हा सल्ला नवा नाही. आणि कबूल करतो, एका तुटलेल्या रविवारी मीसुद्धा तो पर्याय असलेल्या पानापर्यंत पोचलो होतो.

पण रडारला कळतं. चांगलंच कळतं. ते रडार २५० किलोवॉटचं स्पंदन सोडतं खरं, पण ऐकतं ते काय? मैलोन् मैल दूरच्या पावसाच्या थेंबांवरून परतलेला क्षीण प्रतिध्वनी. त्याच पट्ट्यात जवळून कुणी पाव वॉटनेही बोललं तर त्या दिशेला रडारच्या चित्रात एक लांबलचक पट्टा उमटतो, आणि त्या पट्ट्यामागे काय चाललंय ते दिसत नाही. २००९ च्या सुरुवातीला पोर्तो रिकोत सान हुआनच्या विमानतळासाठीच्या रडारला नेमकं हेच झालं. शोध घेतला तर बाहेर उंचावर बसवलेली ५ गिगाहर्ट्‌झची वायरलेस यंत्रं सापडली. त्यानंतर अमेरिकेत बरीच वर्षं या पट्ट्यातले चॅनेल राउटरना बंदच होते. ते २०१४ च्या नियमांनी पुन्हा उघडले.

आणि हे रडार तिथे का आहे, तेही वाचलं. २ ऑगस्ट १९८५ ला डेल्टाचं १९१ क्रमांकाचं विमान डॅलस-फोर्ट वर्थला उतरत होतं. वाटेत एका वादळी ढगातून थंड हवेचा लोट खाली कोसळत होता. असा लोट जमिनीवर आदळून चहूकडे पसरतो. विमानाला आधी समोरून वारा मिळतो आणि ते वर उचललं जातं. मग वरून दाब येतो, आणि लगेच मागून वारा. पंखांवरून वाहणारी हवा एकदम मंदावते, आणि सावरायला उंचीच उरलेली नसते. १३७ माणसं गेली. वैमानिकांना पुढे पाऊस दिसत होता, पण त्या पावसाच्या आत वारा कुठल्या दिशेला धावतोय ते दाखवणारं रडार विमानतळाकडे नव्हतं. पुढे नव्वदच्या दशकात ही डॉप्लर रडार बसवली गेली, ती मुख्यतः हे दाखवण्यासाठी.

हे वाचल्यावर देशाचा कोड बदलायचं पान मी बंद केलं. आई-बाबा जूनमध्ये येतायत. नुअर्कलाच उतरणार. जून म्हणजे इथे दुपारी ढग दाटून येण्याचे दिवस. त्या दुपारी वुडब्रिजच्या त्या तबकडीला नुअर्कच्या दिशेला काय दिसतंय यात माझाही थोडा स्वार्थ असणार आहे.

शेवटी बदललं काय, तर ही एक ओळ. आधी `HE160` होतं, आता:

```
option channel '100'
option htmode 'HE80'
```

वेगाचं म्हणाल तर टॅबची जोडणी २४०२ एमबीपीएसवरून १२०१ वर आली. आमचं नेट आहे ३०० चं. म्हणजे जे मिळतच नव्हतं ते गमावलं. :) चॅनेल १०० मात्र सोडला नाही. आमच्या इमारतीत झाडून सगळे ३६ आणि १४९ वर दाटीवाटीने बसलेत, आणि १०० च्या आसपास शुकशुकाट. तीन महिन्यांपूर्वी मी तो निवडला तेव्हा "एवढा मोकळा चॅनेल आणि कुणालाच कसा दिसला नाही" म्हणून स्वतःवर खूश झालो होतो. मोकळा का होता ते आता कळलं. पण कळल्यावर तिथे शहाण्यासारखं राहता येतं. कधी रडार दिसलंच तर राउटर ३६ वर ८० च्या रुंदीने जाईल, आणि तिथे मौन पाळावं लागत नाही.

तुमच्याकडेही फक्त ५ गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय अधूनमधून मिनिटभर नाहीसं होत असेल, तर आधी चॅनेलचा नंबर बघा. ५२ ते १४४ मधला असेल तर, किंवा ३६ असूनही रुंदी १६० असेल तर, रिस्टार्ट न करता लॉग बघा. काही राउटरांत तो लॉग दिसतच नाही. अशा वेळी रुंदी ८० करून चॅनेल ३६ ला आठवडाभर खिळवून ठेवा. तुटणं थांबलं तर उत्तर मिळालं. नाही थांबलं तर रोग दुसरा.

काल रविवार. कॉल सलग एक तास नऊ मिनिटं चालला. बाबांनी डोळ्याचे थेंब किती वेळा घालायचे यावरून आईशी साग्रसंगीत वाद घातला, मी मधे पडलो नाही. मग आईला सगळी हकीकत सांगितली. विमानतळ, रडार, ढग, सगळं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे तू राउटरला हात लावला नसतास तर काही झालं नसतं?"

हो आई.

असो. भेटू पुढच्या वीकांताला.

ता. क. : खात्री करायची म्हणून आज सकाळी पुन्हा एकदा लॉग बघितला. रडारची ओळ नाही. रिस्टार्ट केलेला नाही.